हिंदीतून मराठीत आलेला मजकूर तपासायचाय: ‘आपत्ती लेखी नोंदवावी’ ही चूक कुठल्या रकान्यात?

कोरापान

प्रशिक्षणार्थींसाठीची एक माहितीपुस्तिका हिंदीतून मराठीत होऊन आली आहे. साधारण १२,००० शब्द. भाषांतर दुसऱ्या कुणाचं आहे. ते स्वीकारायचं की परत पाठवायचं, एवढं मला कारणांसह लिहून द्यायचंय. त्यासाठी चार रकान्यांचा तक्ता मिळालाय: अर्थाची अचूकता, ओघ, परिभाषा, आणि मुळाशी जुळणारा सूर. प्रत्येकाला दहापैकी गुण.

वाचताना मराठी बरी वाटते, पण काही ठिकाणी अडखळायला झालं.

मूळ: यदि किसी को आपत्ति हो तो सात दिन के भीतर लिखित रूप में दर्ज कराए।
भाषांतर: कोणाला आपत्ती असल्यास सात दिवसांच्या आत लिखित रूपात नोंदवावी.

मूळ: नियमों में किया गया संशोधन १ अप्रैल से लागू होगा।
भाषांतर: नियमांमध्ये केलेले संशोधन १ एप्रिलपासून लागू होईल.

मूळ: प्रशिक्षण की अवधि में किसी भी प्रकार का अवकाश देय नहीं होगा।
भाषांतर: प्रशिक्षणाच्या अवधीत कोणत्याही प्रकारचा अवकाश देय असणार नाही.

काही भाग मात्र छान उतरलाय. उदाहरणार्थ पान ९:

मूळ: कम से कम ७५ प्रतिशत उपस्थिति अनिवार्य है, अन्यथा प्रमाणपत्र नहीं दिया जाएगा। आवेदन की जाँच के बाद सूचना दी जाएगी।
भाषांतर: किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. अर्जाच्या तपासणीनंतर सूचना दिली जाईल.

वरच्या तीन वाक्यांतल्या चुका कळतात, पण त्या अचूकतेत धरू, ओघात की परिभाषेत? आणि सगळे १२,००० शब्द मुळाशी ताडून पाहायचे का?

पागोळी

मुद्रितशोधनाला एवढे रकाने कशाला? आधी ऱ्हस्व-दीर्घ बघा. दिलेल्या वाक्यांत तरी मला काही सापडलं नाही. ‘आपत्ती’ची ती दीर्घ आहे, ‘उपस्थिती’चीही. हिंदीत ती ऱ्हस्व असते, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला एवढं तरी माहीत आहे.

अर्धविराम

पागोळी, प्रश्न शुद्धलेखनाचा नाही, मूळ आणि भाषांतर जुळतं का याचा आहे.

कोरापान, सोपा उपाय सांगतो. मराठी मजकुरातली दोन-तीन पानं अशा माणसाला द्या ज्याने मूळ हिंदी पाहिलेलं नाही, आणि त्याच्याकडून ती परत हिंदीत करून घ्या. मग दोन्ही हिंदी शेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल तिथे चूक. औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं, आरोग्य सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या यांच्यासाठी ही पद्धत सर्रास वापरतात.

टाचण

अर्धविराम, उलट भाषांतर ही पद्धत खरी आहे. संमतिपत्रांसाठी ती वापरतात हेही खरं. पण या जोडीत ती नेमकी उलटी पडते. तुमच्या माणसाला ‘कोणाला आपत्ती असल्यास’ दिलं की तो हिंदीत काय लिहील? ‘यदि किसी को आपत्ति हो’. ‘केलेले संशोधन’ परत ‘किया गया संशोधन’ होईल, ‘अवकाश’ परत ‘अवकाश’. दोन्ही हिंदी तंतोतंत जुळतील आणि तुम्ही खूश व्हाल. भाषांतर जितकं शब्दाला शब्द, तितकं उलट भाषांतर छान दिसतं. उलट एखाद्याने नीट ‘हरकत असल्यास’ लिहिलं असेल आणि उलट करणाऱ्याने त्याचं ‘एतराज़’ केलं, तर फरक दिसेल तो बरोबर वाक्यात. हिंदी आणि मराठीत संस्कृतातून आलेले शब्द सारखे आहेत, म्हणून शब्द भाषांतर न होताच भाषांतर झाल्यासारखा दिसतो. सापळा तो आहे.

आता कोरापान यांच्या वाक्यांकडे. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. त्यामुळे ते वाक्य सांगतं की संकट आलं तर सात दिवसांत लेखी कळवा. हवं होतं ‘हरकत असल्यास’. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. नियमांत होते ती सुधारणा किंवा दुरुस्ती. हिंदीतलं ‘संविधान संशोधन’ मराठीत ‘घटनादुरुस्ती’ होतं ते याच कारणाने. अवकाश आपल्याकडे मोकळी जागा, अंतराळ किंवा उसंत. नोकरी-प्रशिक्षणात ती रजा. आणि ‘देय’ मराठीत पैशांबद्दल वाचलं जातं. रजा ‘अनुज्ञेय’ असते, किंवा साध्या भाषेत ‘मिळते’.

रकाना ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: हे वाचून वाचकाला चुकीची गोष्ट कळेल, की बरोबर गोष्ट कळेल पण त्या क्षेत्रातला ठरलेला शब्द नाही हे जाणवेल? चुकीचं कळत असेल तर अचूकता. ठरलेला शब्द नसेल तर परिभाषा. म्हणून ‘आपत्ती’ आणि ‘संशोधन’ अचूकतेत. ‘देय’ परिभाषेत, कारण अर्थ पोचतो. ‘अवकाश’ मी अचूकतेत टाकेन, पण कुणी परिभाषेत टाकलं तर भांडणार नाही. एक चूक दोन रकान्यांत मोजू नका, एवढं पाळा.

पण तुमची सगळ्यात मोठी चूक या तिन्हींत नाहीच. तुम्ही ‘छान उतरलाय’ म्हणता त्या पान ९ वर आहे. परत वाचा.

कोरापान

वाचलं. ‘अन्यथा प्रमाणपत्र नहीं दिया जाएगा’ गळलंय! तीनदा वाचूनही दिसलं नव्हतं.

टाचण

दिसणार नाहीच, कारण मराठी वाक्य गुळगुळीत आहे. अडखळायला झालं की आपण मूळ उघडतो. न अडखळता पुढे गेलो तर उघडतच नाही. त्यामुळे गाळलेला मजकूर ओघवत्या भागातच लपतो. त्यातच ‘अनिवार्य’चं ‘आवश्यक’ झालंय. ‘अनिवार्य’ मराठीतही चालतं, ‘सक्तीची’ म्हटलं तरी चालेल. ‘आवश्यक’ म्हटलं की सूट मिळेल असं वाटतं. दोन्ही मिळून काय झालं बघा: ७० टक्के हजेरी असलेला प्रशिक्षणार्थी मराठी पुस्तिका वाचून निर्धास्त राहील आणि शेवटी प्रमाणपत्राला मुकेल. ‘आपत्ती’ वाचून तो निदान थबकेल, चौकशी करेल. इथे थबकायला काही उरलेलंच नाही.

वाचण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फक्त मराठी वाचा, हिंदी बंद करून. अडखळलात तिथे पेन्सिलीची खूण, दुरुस्ती नाही. ओघ आणि सूर इथेच कळतो, कारण एकदा हिंदी वाचलं की डोळा हिंदीचा अर्थ मराठीत भरून घेतो. तुमचं हिंदी उत्तम असेल तर हे वाचन हिंदी कमी वाचणाऱ्या कुणाला तरी द्या. ‘आपत्ती’ तुम्हाला कळते, त्याला कळणार नाही, आणि पुस्तिका त्याच्यासाठी आहे.

दुसऱ्यांदा वाक्यागणिक ताडून पाहा, आधी मूळ वाक्य आणि मग भाषांतर. उलट केलंत तर मूळ नुसतं खात्रीसाठी वाचलं जातं आणि गाळलेलं पुन्हा निसटतं. आकडे, तारखा, नकार, ‘अन्यथा’, ‘केवल’, ‘छोड़कर’, ‘जब तक’ यांवर बोट ठेवून थांबा. बंधनं आणि अपवाद याच शब्दांत असतात.

तिसरी फेरी शब्दांची. फाइलमध्ये ‘अवकाश’ शोधा, किती ठिकाणी काय केलंय ते बघा. एकाच गोष्टीला पान ४ वर रजा, पान १२ वर सुट्टी आणि पान २० वर अवकाश असेल, तर ती वेगळी नोंद.

सुतावरून

गाळलेलं शोधायला शब्दसंख्या बघायची ना? मराठी १५-२० टक्क्यांनी कमी भरलं तर मजकूर गळलाय, असं मी धरतो.

टाचण

हिंदी-मराठीत ती खूण फसवी आहे. ‘प्रशिक्षण की अवधि में’ चार शब्द, ‘प्रशिक्षणाच्या काळात’ दोन. हिंदीचे ‘का, की, के, में, से, के लिए’ सुटे लिहितात, आपल्याकडे ते शब्दाला चिकटतात. एक अक्षर न गाळताही मराठीची शब्दसंख्या बरीच घटते. त्यापेक्षा परिच्छेदागणिक वाक्यं मोजा: हिंदीत ‘।’ किती आणि मराठीत पूर्णविराम किती. ‘रु.’, ‘क्र.’ यांचे टिंब वगळून. आकडा जुळला नाही तर तिथे बघा. भाषांतरकाराने एका वाक्याची दोन केली असतील तरी तो जुळणार नाही, आणि त्यात चूक काहीच नसेल.

पण यात फक्त अख्खं गळालेलं वाक्य सापडतं. पान ९ वर दोन वाक्यांची दोनच वाक्यं आहेत, गळालंय ते अर्धं वाक्य. त्याला वाचण्यावाचून इलाज नाही.

मोहोळ

मला वेगळंच विचारायचंय. एका हिंदी कथेचं भाषांतर तपासतेय आणि सुराच्या रकान्यात अडकलेय. मुलगा आईला म्हणतो, ‘अम्मा, आप खाना खा लीजिए, हम चलते हैं।’ भाषांतरात ‘आई, तुम्ही जेवण खाऊन घ्या, आम्ही निघतो.’ मुलगा एकटाच आहे. मला हे सगळंच खटकतं, पण भाषांतरकार म्हणतो, मुळात ‘आप’ आणि ‘हम’ आहे, मी ते तसंच ठेवलं.

टाचण

पुस्तिकेच्या धाग्यात कथा आली, पण सुराचं उदाहरण इथे जास्त स्पष्ट दिसतं.

‘जेवण खाऊन घ्या’ ही ओघातली चूक, तिथे वाद नाही. मराठीत ‘जेवून घ्या’ पुरे.

‘तुम्ही’चं असं की हिंदीत आईला ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ तिन्ही चालतात आणि निवडीवरून घर कळतं. मराठीत आईला बहुतेक ठिकाणी ‘तू’च म्हणतात. त्यात अनादर नसतो, उलट ‘तुम्ही’ म्हटलं की दुरावा जाणवतो. म्हणजे सर्वनाम तेच राखलं आणि नातं बदललं. कथेत सगळी मुलं आईला ‘आप’च म्हणत असतील तर तो त्या घराचा साधा रिवाज आहे, मराठीत ‘तू’ व्हावं. पण धाकटा ‘तुम’ म्हणतो आणि हा एकटाच ‘आप’ म्हणतो असं असेल, तर लेखकाने तो दुरावा मुद्दाम पेरलाय आणि मराठीत ‘तुम्ही’च बरोबर. एका वाक्यावरून हे ठरवता येणार नाही. त्या मुलाचे सगळे संवाद बाजूला काढून एकदम वाचा.

‘हम’चं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. हिंदी पट्ट्याच्या बऱ्याच भागांत एकटा माणूस स्वतःला सहज ‘हम’ म्हणतो, त्यात तोरा नसतो. मराठीत एकट्याने ‘आम्ही’ म्हटलं की तोरा येतो, नाहीतर थट्टा. ‘मी निघतो’ केलं तर सूर सांभाळला जातो, पण बोलीचा रंग उडतो.

सुतावरून

‘हम’ला मी ‘आम्ही’च ठेवतो. दोन-तीन पानांत वाचकाला सवय होते आणि प्रदेशाचा वास राहतो. ‘मी’ केलं की तो मुलगा कुठलाही होतो.

टाचण

कथेच्या पहिल्याच संवादात असेल तर सवय होण्याआधी गैरसमज होतो. पण तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. तपासणाऱ्याने इथे दोनच गोष्टी बघाव्यात: भाषांतरकाराने निर्णय विचार करून घेतलाय का, आणि तो शेवटपर्यंत पाळलाय का. एका प्रकरणात ‘मी’ आणि पुढच्यात ‘आम्ही’ असेल तर चूक.

कोरापान

पुस्तिकेतही ‘हम’ आहे! ‘हम आपको तीन दिन में उत्तर देंगे’ याचं ‘आपण आपल्याला तीन दिवसांत उत्तर देऊ’ केलंय.

टाचण

ही सुराची नाही, अर्थाची चूक. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत ऐकणारा सोडून ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यासकट ‘आपण’. इथे संस्था उत्तर देणार, वाचक नाही, म्हणून ‘आम्ही आपल्याला’ किंवा ‘आम्ही तुम्हाला’. शिवाय मराठीत ‘आपण’ हा ‘तुम्ही’चा आदरार्थी पर्यायही आहे. त्यामुळे वाचकाला आधीच ‘आपण’ म्हणणाऱ्या मजकुरात हा घोळ दुप्पट होतो. ‘हम’ शोधून प्रत्येक जागा बघा.

अर्धविराम

बरं, उलट भाषांतराचं मान्य. पण आणखी एक चूक मला दिसते. अशा पुस्तिकांत ‘जब तक अनुमति न मिले, तब तक मशीन चालू न करें’ हे हमखास असतं आणि लोक त्याचं ‘जोपर्यंत परवानगी मिळत नाही, तोपर्यंत यंत्र चालू करू नये’ करतात. ही उघड हिंदी रचना आहे. ‘परवानगी मिळाल्याशिवाय यंत्र चालू करू नये’ असं हवं. तेही ओघात नोंदवा.

टाचण

नका नोंदवू. ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ ही मराठीचीच रचना आहे. तुमचं वाक्य आटोपशीर आहे, मला स्वतःला तेच आवडेल, पण आवडीला गुण कापता येत नाहीत. माझी कसोटी अशी: खूण केली तर शेजारी कारण लिहायचं, आणि त्या कारणात ‘बरं वाटतं’ सोडून दुसरं काही लिहिता आलं नाही तर खूण खोडायची. ‘माझी मदत केली’ यावर खूण राहील, कारण मराठीत मदत ‘मला’ करतात. ‘मी त्यांना मिळालो’ यावर राहील, कारण माणूस ‘भेटतो’. ‘जोपर्यंत’वर राहणार नाही.

आणि पान ९ वरचं ‘सूचना दिली जाईल’ राहून गेलं. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. २००५ चा ‘सूचना का अधिकार अधिनियम’ मराठीत ‘माहितीचा अधिकार अधिनियम’ आहे. मराठीत सूचना म्हणजे काय करावं ते सांगणं. ‘अर्ज तपासून कळवले जाईल’ असं हवं. पण मराठी कार्यालयीन पत्रांतही ‘कळवणे’ या अर्थाने ‘सूचना देणे’ आता सर्रास दिसतं. म्हणून ही किरकोळ.

सुतावरून

त्याला मी किरकोळ म्हणणार नाही. वाचक पुढच्या सूचनांची वाट बघत बसेल.

टाचण

कळवलं तर जाणारच आहे, त्यामुळे नुकसान काय? असो, तुम्ही मधली धरा.

कोरापान

किरकोळ, मधली, मोठी यांचे गुण कसे? दहापैकी द्यायचे तर पान ९ ला किती देऊ, मला खरंच कळत नाही.

टाचण

दहापैकी गुण हा प्रकार टाळता आला तर टाळा. तुम्ही ७ द्याल, दुसरा ५ देईल, आणि दोघांनाही का ते सांगता येणार नाही. चुका मोजा. भाषांतरातल्या चुका मोजण्याच्या एमक्यूएम पद्धतीत किरकोळ चुकीला १, मोठीला ५, गंभीरला २५ असा दंड नेहमी वापरतात. गंभीर म्हणजे वाचकाचं प्रत्यक्ष नुकसान करणारी. (त्यात मधली नसते, सुतावरून. माफ करा.)

१२,००० शब्दांतून आधी ४०० शब्दांचे तीन तुकडे घ्या, सुरुवात, मध्य आणि शेवट. सुरुवातीला भाषांतरकार ताजा असतो, शेवटी मुदत डोक्यावर असते, आणि काम दोघांत वाटलेलं असेल तर मध्यात शब्द बदलतात. नियम, रक्कम किंवा मुदत असलेली पानं मात्र तुकड्यांबाहेरची असली तरी पूर्ण ताडून पाहा.

समजा १,२०० शब्दांत पान ९ ची एक गंभीर, म्हणजे २५. ‘आपत्ती’, ‘संशोधन’, ‘अवकाश’ तीन मोठ्या, १५. किरकोळ सहा. एकूण ४६, म्हणजे हजार शब्दांमागे सुमारे ३८. चालण्याजोगा आकडा किती, हे तपासायला बसण्याआधी लिहून ठेवा, नाहीतर निकाल पाहून मर्यादा सरकते. आणि एक जरी गंभीर चूक असली तरी बेरीज कितीही लहान असो, मजकूर परत जातो, असा नियम ठेवा.

सुतावरून

‘अवकाश’ त्या तुकड्यांत नऊदा आला असेल तर? नऊ वेळा ५ धरले तर तो एकटाच ४५ होतो, एकूण ८६, आणि हजारामागे ७२ च्या आसपास. वाचक तर नऊदा अडखळतोच.

टाचण

मी एकदाच धरतो, कारण निर्णय एकच चुकलाय आणि शोध-बदल करून पाच मिनिटांत सुधारतो. फक्त ‘सगळे बदला’ करायचं नाही. ‘अवकाश’ बदलून ‘रजा’ केलं तर ‘अवकाशाची’चं ‘रजााची’ होऊन बसेल. एकेक जागा बघून बदलावं लागतं. पण वाचकाच्या बाजूने मोजायचं असेल तर तुमचा हिशेब योग्य आहे. कुठला हिशेब धरलाय ते अहवालात लिहा, म्हणजे दुसरं भाषांतर आलं तर तुलना करता येईल.

पागोळी

माझा पहिला प्रतिसाद मागे घेते. पण मग एकाच माणसाने भाषांतर करून स्वतःच तपासलं तर?

टाचण

स्वतःचं स्वतः तपासावंच, पण तो तपास धरत नाहीत. भाषांतर सेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकात भाषांतरकाराखेरीज दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून पाहणं बंधनकारक आहे. ज्याने वाक्य गाळलं त्याला ते पुन्हा गाळताना काहीच जाणवत नाही.

कोरापान

सुराच्या रकान्यात काय लिहू? मुळात सगळीकडे ‘कृपया… करें’ आहे. मराठीत पान २ वर ‘अर्ज भरा’, पान ५ वर ‘अर्ज भरावा’, पान १४ वर ‘अर्ज भरण्यात यावा’.

टाचण

मुळात एकच सूर आहे आणि मराठीत तीन, ही चूक नक्की. ‘करें’ विनंतीवजा आहे. ‘करावे’ त्याच्या जवळ जातं, ‘करण्यात यावे’ त्याला फर्मान बनवतं. ‘करा’ चालेल का, यावर मतं वेगळी आहेत. तरुण प्रशिक्षणार्थींसाठी मला ‘कृपया अर्ज भरा’ खटकत नाही. तुमच्या संस्थेचा आधीचा मराठी मजकूर कसा आहे ते बघा आणि तोच धरा.

कोरापान

आज मधला तुकडा पूर्ण झाला. त्यात आणखी एक: ‘प्रभारी से संपर्क करें’चं ‘प्रभारींशी संपर्क साधावा’. मराठीत प्रभारी म्हटलं की तात्पुरता कार्यभार सांभाळणारा वाटतो ना? हिंदीत नुसता विभाग सांभाळणाराही प्रभारीच. इथे कुठला?

टाचण

मजकुरावरून कळणार नाही. चूक म्हणून नोंदवू नका, प्रश्न म्हणून नोंदवा आणि मूळ लिहिणाऱ्याला विचारा.